गोदामात थैल्या, पडद्यावर शून्य

पुण्याची नोकरी सोडून मी बुलढाण्याला परत आले तेव्हा शेजारणीनं आईला हळूच विचारलं, "काढून टाकलं का हो पोरीले?" तसं काही नव्हतं. सॉफ्टवेअर तपासायचं माझं काम इथेही मिळालं, एवढंच. सायकलच्या दुकानावर एक खोली, तिच्यात आमची छोटी कंपनी. पुण्यात माझ्या 'मले-तुले'ला लोक हसायचे. इथे हसत कुणी नव्हतं, पण वीज गेली की सगळे खाली चहाला जायचे आणि तासभर वर यायचे नाहीत.

त्या उन्हाळ्यात आम्ही बियाण्याच्या आगाऊ बुकिंगची वेबसाइट बनवत होतो. गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या सालापासून शेतकरी वाणाच्या बाबतीत फार चोखंदळ झाले होते. सगळ्यांना एकच बीटी वाण हवा असायचा आणि तोच कमी पडायचा. म्हणून काही दुकानदारांनी मिळून ठरवलं की बुकिंग ऑनलाइन घ्यायचं. पहिल्या पानावर शेतकऱ्याचं नाव आणि गाव, दुसऱ्यावर वाण आणि थैल्या, मग दुकान, शेवटी पैसे आणि पावती. दुसऱ्या पानावर वाण निवडला की तेवढ्या थैल्या त्या शेतकऱ्यासाठी राखून ठेवल्या जायच्या, म्हणजे तो पैसे भरेपर्यंत दुसऱ्यानं पळवू नयेत.

असली पानं बनवणाऱ्याला वाटतं की माणूस सरळ पुढे पुढे जाईल. माणूस सरळ जात नाही. तो मागे येतो, पान पुन्हा लोड करतो, मध्येच उठून जातो, आणि शेवटच्या पानावर आल्यावर त्याला पहिलं पान बदलायचं असतं. आमचा प्रोग्रामर म्हणाला, "मागं जायचं बटनच बंद करून टाकू." मी म्हटलं, ब्राउजरचं बटण तुझ्या मालकीचं नाही. तो दिवसभर फुगून बसला.

माझ्या चाचण्या मी नीट आखल्या होत्या. पैसे भरताना पान रिफ्रेश केलं तर दुसरी ऑर्डर बनता कामा नये, पहिलीच पावती दिसली पाहिजे. पावतीवरून मागे आलं तर तीच ऑर्डर पुन्हा जाता कामा नये. गाव बदललं तर आधी निवडलेलं दुकान पुसलं गेलं पाहिजे, कारण धाड गावचं दुकान लांबच्या साखरखेर्ड्याच्या माणसाच्या काय कामाचं? वाण बदलला तर पावतीवर नवाच वाण यायला हवा. आणि कुणी अर्धवट सोडून गेलं तर थोड्या वेळानं राखलेल्या थैल्या मोकळ्या झाल्या पाहिजेत. सगळं पास झालं. साहेब खूश झाले आणि पुढच्या आठवड्यात सुरू करायचं ठरलं.

पहिलं दुकान धाडच्या चाचांचं होतं. माझे वडील त्यांच्याकडूनच बियाणं घ्यायचे. पेरणीच्या हंगामात चाचा गोदामाचं शटर कायम वर ठेवायचे, ऊन असो की वादळ. त्यांच्या अब्बांच्या काळात एकदा माल कमी पडला आणि कुणीतरी अफवा उठवली की दुकानदारानं माल दाबून ठेवला. खोटंच होतं, पण तो अख्खा हंगाम गिऱ्हाईक पायरी चढलं नाही. तेव्हापासून आत काय आहे ते येणाऱ्याला रस्त्यावरूनच दिसायचं. चाचांची सगळी पत त्या वर उचललेल्या शटरवर होती. म्हणूनच त्यांच्यावर विश्वास ठेवून बाकीचे दुकानदार या भानगडीत पडले होते.

सुरू करण्याआधी बाजाराच्या दिवशी मी जीपनं धाडला गेले. वेबसाइटवर गोदामात होत्या तेवढ्याच थैल्यांचा खोटा साठा भरला होता, नुसता बघण्यासाठी. चाचा स्वतः कॉम्प्युटरवर बसले. एकेका शेतकऱ्याला समोर बसवायचं, विचारायचं आणि भरायचं. पहिल्यानं वाण निवडला आणि उठला. "भावाले इचारून येतो," म्हणाला आणि बाजारात गेला. दुसरा बसला. चाचांनी नवीन फॉर्म उघडला नाही. बटण दाबून मागे गेले, नाव खोडून नवं नाव टाकलं आणि पुढे निघाले.

मी विचारलं, "चाचा, नवीन काऊन नाही उघडलं?"

"काहाले, बेटा? गाव तेच, दुकान तेच. नाव तेवढं बदलाचं."

दुपारपर्यंत हेच चाललं. कुणी बायकोला विचारायला गेला, कुणी चहाला, कुणी वाण बदलला, कुणी परत आला आणि पुन्हा गेला. पूर्ण झालेल्या ऑर्डरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आणि मग पडद्यावर आलं: साठा संपला. चाचांच्या पाठीमागे शटर वर होतं आणि आत थैल्यांची थप्पी तशीच उभी होती.

चाचांनी पडद्याकडे आणि मग थप्पीकडे पाहिलं.

"हे लोकाईले दिसलं तर मले विचारणार नाहीत," ते म्हणाले. "नुसतं म्हणतील, चाचानं माल दाबला. मंग मी शटर वर ठेवू की खाली, फरक नाही पडत."

मी तिथेच लॅपटॉप उघडला. वाण बदलला की नव्या थैल्या राखल्या जात होत्या, पण जुन्या सुटत नव्हत्या. नाव बदललं तरी तेच. त्या सुटायच्या फक्त कॉम्प्युटर बराच वेळ गप्प राहिला तर. मी चाचणी करताना ब्राउजर बंद करून वाट पाहिली होती, म्हणून सुटल्या. चाचांचा कॉम्प्युटर दिवसभर गप्प बसतच नव्हता. माझी प्रत्येक चाचणी खरी होती, पण दुकानात त्या सगळ्या एकाच वेळी एकाच खुर्चीत बसल्या होत्या.

ऑफिसात साहेब म्हणाले, "चाचांना सांगू, दरवेळी नवीन उघडा." प्रोग्रामर लगेच मान डोलवायला लागला. मी सांगितलं की चाचा बदलणार नाहीत, आणि त्यांनी बदलावं तरी का? हे असंच सुरू करायचं असेल तर पासचा शेरा दुसऱ्या कुणाकडून घ्या. मी जरा जोरातच बोलले. खालचा सायकलवाला वर बघायला आला.

शेवटी दुरुस्ती झाली. नाव किंवा वाण बदलून पुढे गेलं की जुन्या थैल्या लगेच सुटायच्या, आणि राखलेली थैली मोकळी करायचं घड्याळ राखल्या क्षणापासून चालायचं, कॉम्प्युटर कितीही बडबडत असला तरी. मी पुन्हा चाचण्या लिहिल्या, या वेळी चाचांच्या पद्धतीनं: अर्धवट सोडा, मागे जा, नाव बदला, रिफ्रेश मारा, आणि प्रत्येक वेळी साठा बघा.

बुकिंग सुरू झालं त्या दिवशी मी दुकानात होते. रांग रस्त्यापर्यंत गेली होती. हवा असलेला वाण संपत आला होता. शेवटची थैली ज्याच्यासाठी राखली तो म्हणाला, "घरी इचारून येतो," आणि गेला. पडद्यावर शून्य आलं. रांगेतून एक जण कडक आवाजात म्हणाला, "चाचा, आत तं थैली दिसून राह्यली."

चाचांनी मॉनिटर दोन्ही हातांनी उचलला आणि रांगेकडे तोंड करून काउंटरवर ठेवला. मग वाकून, उलट्या बाजूनं, मागे जायचं बटण दाबलं, त्या बोलणाऱ्याचं नाव टाकलं आणि पुढे गेले.

शून्याचा एक झाला. सगळ्या रांगेनं तो पाहिला.

"गेला त्याची होती," चाचा म्हणाले. "आता थैली तुही हाये."

पूर्ण हंगाम तो मॉनिटर तसाच होता, रस्त्याकडे तोंड करून. चाचांची मान त्यानं आखडली, पण त्यांनी तो फिरवला नाही.