काकडीतलं कूट

त्या दिवसांत मी उपाशी होते, आणि उपाशीपोटी मी माणसात नसते. निवड चाचणीला एक वजनगट खाली उतरायचं होतं. माझ्या गटातली मुलगी माझ्यापेक्षा वीतभर उंच. तिच्यापुढे माझा टिकाव नव्हता. म्हणून दोन चपात्यांवर दिवस काढत होते. एका संध्याकाळी गोवंडीच्या आमच्या बॉक्सिंग क्लबात घंटा झाल्यावरही मी सरावातल्या जोडीदारणीला मारत राहिले. तिचा ओठ फाटला. रक्त बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सरांनी मानगूट धरून मला रिंगबाहेर काढलं. "उपाशी मारतेस तू. तिसऱ्या राउंडला हात वर येणार नाहीत तुझे. पोट भरून वजन उतरव."

म्हणजे अर्धं ताट काकडी, कोबी, दुधी, पडवळ. त्यात पाणीच जास्त, त्यामुळे पोट भरतं आणि ऊर्जा थोडीच मिळते. उरलेल्या अर्ध्यात अंडी किंवा मासा, डाळ आणि मूठभर भात. मी डोंगराएवढं ताट जेवू लागले. डोकं थंड झालं, पण काटा हलेना.

सरांनी विचारलं, "काकडी नुसती खातेस ना?"

"कोशिंबीर करते आई. दाण्याचं कूट घालून, वर फोडणी."

"वाट लावलीस! मूठभर कुटात किलोभर काकडीएवढी ऊर्जा असते. तेल वेगळंच."

घरी आले तर ताट वाढलेलं, कोशिंबिरीवर कुटाचा थर. "सरांनी कूट बंद सांगितलंय!" म्हणत मी ताट भिंतीवर फेकलं. आईने माझ्या कानाखाली आवाज काढला.

"बिनकुटाची काकडी गुरं खातात! पोर रोज मार खाऊन येते, तिला मी पाणी चारू?"

"तूच हरवणार आहेस मला!" मी किंचाळले. ती खाली बसून भात गोळा करू लागली. मला तिचा भयंकर राग आला आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी कोशिंबिरीत दही, मिरची, लिंबू एवढंच होतं. "गिळ," आई म्हणाली. त्यानंतर वजन हळूहळू उतरलं.

चाचणीच्या सकाळी मी वजनात बसले. खालच्या गटात माझ्याशी लढणारी मुलगीही बसली. पण दोन दिवस अन्नपाणी सोडून, रबरी सूट घालून घाम गाळत. वजन झाल्यावर पाणी प्यायली, तरी ओठ पांढरेच होते.

पहिल्या राउंडला तिने माझं नाक फोडलं. तिसऱ्या राउंडला तिचे हात खाली आले. उपासाने हात कसे जड होतात हे मला ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांत ती भूक मला स्पष्ट दिसली. पंच मध्ये येईपर्यंत मी मारत राहिले, आणि या वेळी माझं पोट भरलेलं होतं.