बेण्णीचं पिवळं दुखणं

बाळीवेशीच्या मागच्या बोळात शिरलं की आधी भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास यायचा आणि मग दाक्षायणी अक्कांचं दार लागायचं. नवरा गेल्यापासून अक्का शेंगाची चटणी कुटून विकायच्या. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, सोमवारचा उपास कडक. बोलायला मराठी आणि रागवायला कन्नड. मूलबाळ नव्हतं. होती ती एक मांजर, लोण्याच्या रंगाची. कन्नडात लोणी म्हणजे बेण्णे, म्हणून तिचं नाव बेण्णी.

बेण्णी सायीवर वाढली होती. दुपारी ती उंबऱ्यात पसरली की चटणीला आलेल्या गिऱ्हाइकाला पाय उंच उचलून यावं लागे. "आमची बेण्णी वशाट शिवत न्हाई," असं मांसमच्छीचा विषय निघाला की अक्का अभिमानानं सांगायच्या. शेजारच्या भीमाबाई ते ऐकून पदरात हसायच्या. त्या गिरणीत सुताच्या कांड्या भरायला जायच्या, आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्या चुलीवर सुके बोंबील भाजले की बेण्णी मागच्या भिंतीवरून तिथं हजर असायची. हे अक्कांना कधी कोणी सांगितलं नाही.

अठ्ठ्याहत्तर सालचा पावसाळा सरला आणि भिंतीपलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग सुरू झाले. पहिल्या दिवशी खडखडाट उठला तशी बेण्णी माळ्यावर चढली ती खाली उतरेना. अक्कांनी साय ठेवली, तिनं तोंड फिरवलं. अक्कांना त्यात वावगं वाटलं नाही. अंगानं जड झालेल्या जिवाला लंघन बरं, आपणही उपासानंतर हलक्या होतोच की. रोज साय ठेवायची आणि रोज उचलायची, असा आठवडा उलटून गेला.

मागांच्या तालावर दुपारी अक्कांचा डोळा लागायचा. अशाच एका दुपारी जाग आली तेव्हा बेण्णी खाली येऊन शेजारी निजली होती. कवडशात तिचे कान हळदीसारखे पिवळे दिसत होते. उन्हामुळं असेल, असं अक्कांना वाटलं. ऊन सरकलं, कान पिवळेच राहिले. अक्कांनी तिचा ओठ वर केला. हिरड्याही पिवळ्या. पाठीचा कणा हाताला लागत होता आणि पोट मात्र तसंच लोंबत होतं.

"अक्का, कावीळ हाय ही," भीमाबाई म्हणाल्या. "चला, दवाखान्यात जाऊ."

सरकारी जनावरांच्या दवाखान्यात बैल, शेळ्या, एक लंगडं घोडं अशी गर्दी होती. त्यात टोपलीतलं मांजर पाहून गाडीवान हसले. डॉक्टर धर्मपाल शिवशरण मात्र हसले नाहीत. त्यांनी बेण्णीच्या बरगड्यांखाली बोटं घातली आणि बराच वेळ डोळे मिटून चाचपत राहिले.

"किती दिवस उपाशी आहे?"

"लंघन घातलं म्हणा की," अक्का म्हणाल्या.

"अक्का, माणसाचं लंघन मांजराला चालत नाही. त्यातून ही लठ्ठ. पोटात अन्न येईना म्हटल्यावर अंगावरची चरबी सुटते आणि सगळी काळजात येते, यकृतात. तेवढी चरबी त्याच्यानं खपत नाही. ती पेशीपेशीत साठते, यकृत सुजतं, त्याचं काम थांबतं, म्हणून ही कावीळ. मळमळतं, म्हणून मांजर आणखी खात नाही. मुंबईला शिकताना मेलेल्या मांजराचं असं यकृत पाहिलंय मी. पिवळं, बोटाला तेल लागावं तसं. पाण्यात टाकलं तर तरंगलं."

अक्का टोपलीचा काठ धरून उभ्या होत्या. "मग औषध?"

"औषध म्हणजे अन्नच. पण तोंडानं कोंबलं तर ती अन्नाचाच राग धरेल. गळ्याच्या बाजूनं रबरी नळी घालून अन्ननलिकेत सोडतो. आठवडे लागतील. खरं सांगतो, यातली बरीच मांजरं दगावतात. पण वाचलं तर यकृत पूर्ववत होतं, डागसुद्धा राहत नाही."

"घाला," अक्का म्हणाल्या.

आधी कातडीखाली सलाइन दिलं. काविळीत रक्त गोठत नाही म्हणून व्हिटॅमिन केचं इंजेक्शन झालं. दुसऱ्या दिवशी हलकी भूल देऊन लहान बाळांना दूध पाजायची नळी घातली. गळ्याभोवती पट्टी बांधलेली बेण्णी टोपलीतून घरी आली.

मग डॉक्टरांनी भीमाबाईंकडे पाहत जे सांगितलं होतं, ते करायची वेळ आली. "नुसत्या दुधानं भागणार नाही. मांजराला मांसच लागतं. कोंबडी शिजवायची, अंडं घालायचं, बारीक वाटून फडक्यातून गाळायचं."

भीमाबाई आपल्या घरी वाटून, गाळून वाटी आणून द्यायच्या. अक्का वाटीकडे न बघता पिचकारीत भरायच्या. आधी थोडं कोमट पाणी सोडून नळी मोकळी आहे ना ते पाहायचं, मग अन्न अगदी सावकाश, शेवटी पुन्हा पाणी. पहिल्या दिवशी घोटभरच, रोज थोडं वाढवायचं. उपाशी शरीरावर एकदम भार टाकायचा नाही. घाई केली की बेण्णी ओकायची. म्हणून अक्का मागांच्या तालावर दट्ट्या दाबायच्या. खट्‌खट्‌, थोडंसं. खट्‌खट्‌, थोडंसं. मांडीवरचा ऊबदार जीव, पत्र्यावरून झिरपणारा उजेड, हवेत तरंगणारे कापसाचे तंतू. आपण जाग्या आहोत की झोपेत, हे अक्कांना कळायचं नाही. एकदा वाटलं, आपणच कोणाच्या तरी मांडीवर निजलोय आणि कोणी तरी थेंबाथेंबानं आपल्याला भरवतंय.

करकंब गावाहून भीमाबाईंच्या भावाचं बोलावणं आलं. घरात बाळंतपण होतं, जाणं भाग होतं. "कोंबडी शिजवून ठिवलीया अक्का. आजच्यापुरती वाटलेली बी हाय. उद्याचं..." किल्ली हातात देत त्या थांबल्या.

"जावा तुमी," अक्का म्हणाल्या.

सकाळी अक्कांनी भीमाबाईंचं कुलूप काढलं. इतक्या वर्षांत त्या उंबऱ्यापर्यंतच आल्या होत्या. आतली जमीन सारवलेली, भांडी लखलखीत. पाट्याशी बसून त्यांनी गळ्यातलं लिंग पदराखाली सरकवलं, "शिवा" म्हणाल्या आणि वरवंटा धरला. वास आला, तो त्यांनी येऊ दिला. अंडं फोडताना बोट बरबटलं, ते धुतलं. फडक्यातून वाटण खाली उतरलं, मऊ, पातळ. चटणीसारखंच होतं, वाटत जायचं.

भीमाबाई परत आल्या तेव्हा पाटा धुऊन भिंतीला टेकवलेला होता. त्यांनी तो पुन्हा जागेवर मांडला. पुढंही मग तिथंच वाटलं जाऊ लागलं, कधी या हातानं तर कधी त्या.

पिवळेपणा आधी कानांवरून गेला, मग हिरड्यांवरून. नळी गळ्यात असतानाच बेण्णी अंग चाटू लागली. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आग्रह करू नका. ताटली ठेवा आणि दुसरीकडं बघा." दिवाळी होऊन गेली होती. एका दुपारी अक्का शेंगदाणे पाखडत होत्या आणि मागून लपलप आवाज आला. त्यांनी मान वळवली नाही. सुपातले दाणे मात्र थांबले.

"डॉक्टर, काढता का नळी?" अक्कांनी दवाखान्यात जाऊन विचारलं.

"अजून नाही. आठवडाभर स्वतःच्या तोंडानं पोटभर खाऊ दे."

आठवड्यानंतर नळी निघाली. गळ्यावरचं भोक टाका न घालताच मिटलं. डॉक्टरांनी तिला तागडीत घातलं आणि म्हणाले, "आता वजन उतरवायचं, पण हळूहळू. साय बंद करा, अन्न बंद करायचं नाही. एक दिवस जरी खाल्लं नाही तरी इकडं यायचं."

"सोमवारी सुद्धा खायला घालते की," अक्का म्हणाल्या, तेव्हा शिवशरण पहिल्यांदा हसले.

बेण्णी त्यानंतर बरीच वर्षं जगली, सडपातळ आणि जरा तिरसट होऊन. ती कुठल्या चुलीशी काय खाते हे आता अक्कांना ठाऊक होतं. "आमची बेण्णी वशाट शिवत न्हाई," असं त्या म्हणेनाशा झाल्या. सुट्टीच्या दिवशी मात्र भीमाबाईंच्या ओट्यावर बसून दोघी चहा प्यायच्या, मागांचा आवाज ऐकत.