सात महिने घोळवलेला शेरा

मी एका माणसाचा वार्षिक शेरा सूड म्हणून लिहिला. मग तो सुधारायला घेतला आणि आणखी बिघडवला.

नव्वदीच्या दशकात मी रबाळ्याच्या एका कारखान्यात शिफ्ट इंजिनिअर होतो. स्टोअर सांभाळणारा जवळच्याच खाडीकाठच्या गावचा. ऑगस्टात एक मशीन बंद पडलं, बेअरिंगसाठी मी चिठ्ठी घेऊन स्टोअरच्या खिडकीशी धावलो. घाईत सही राहिली होती. चिठ्ठी परत आली.

"सही नाय, माल नाय, सायेब."

"अरे, मी स्वतः उभा आहे ना समोर!"

"तुमी उभं हाव. सही कुठं उभी हाय?"

मागे अख्खी शिफ्ट हसली. तिथल्या तिथे सही ठोकायची, तर मी चिठ्ठी खिडकीतच टाकून तरातरा केबिनमध्ये जाऊन बसलो. मशीन तीन तास बंद राहिलं.

त्या दिवसापासून मी मार्चमधल्या त्याच्या वार्षिक शेऱ्याच्या फॉर्मची वाट पाहू लागलो; तो मलाच भरायचा होता. नव्या शेडच्या स्टोअरचा प्रमुख म्हणून त्याचं नाव पुढे आलं होतं आणि ते माझ्या शेऱ्यावर अडलं होतं. सात महिने मी वाक्यं घोळवली, आंघोळीतसुद्धा. शेवटी लिहिलं: 'वृत्ती असहकाराची. उद्धट.' गुणांच्या रकान्यात 'वेळेवर येतो', तेही हजेरीच्या कार्डाला खोटं पाडता येईना म्हणून.

पर्सोनेल विभागाच्या बाईंनी फॉर्म परत पाठवला. "उद्धट म्हणजे केलं काय? कधी? कामाचं काय अडलं? स्वभाव नको, घडलेलं लिहा."

घडलेलं? मला तेच हवं होतं! लिहिलं: 'ऑगस्टात बेअरिंग देण्यास नकार, मशीन तीन तास बंद.' एक शब्द खोटा नाही.

पण फॉर्ममध्ये 'कर्मचाऱ्याचे म्हणणे' असाही रकाना असतो. त्यात त्यानं काहीच लिहिलं नाही, फक्त ती चिठ्ठी टाचली. माझं अक्षर, आणि सहीची जागा कोरी.

"निम्मंच घडलेलं लिहिलंत," बाई म्हणाल्या. "आता माझ्यासमोर बसून लिहा."

मी स्टोअरची वर्षभराची रजिस्टरं मागवली, शिकारीला निघाल्यासारखी. आणि सापडलं! रॅकवरची शिल्लक-कार्डं तो रोज न भरता शनिवारी एकदम भरायचा. दोनदा कार्डावर माल होता, रॅकवर नव्हता. मी हावऱ्यासारखं लिहून काढलं. खाली बाईंनी 'रोज संध्याकाळी भरावीत' हे घालायला लावलं आणि म्हणाल्या, "आता चांगलंही याच मापानं."

लिहिलं: 'बेअरिंगं मापाप्रमाणे लावली; हवं ते दोन मिनिटांत मिळतं. सहीशिवाय कोणालाही माल देत नाही, अधिकाऱ्यालाही.' शेवटचा शब्द लिहिताना माझे दात आवळले होते.

नव्या शेडचं स्टोअर त्याला मिळालं. फॉर्मवर सही करण्याआधी त्यानं बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली.

"कार्डांचं खरं हाय. भरीन रोज." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "पन सायेब, माझं वाईट लिवायला तुमाला सात महिनं मिळालं, आन् तेबी बाईंनी शिकवलं तवा जमलं."