सियाजवळ बोललेलं

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासणाऱ्या उल्काला दुसऱ्याच्या आत काय चाललंय ते आकड्यांत वाचायची सवय होती. नवऱ्याच्या आत काय चाललंय, ते मात्र कार्डिफमध्ये येऊन नऊ वर्षं झाली तरी कळलं नव्हतं. मिलिंदचं डिप्रेशन दोन वेगवेगळ्या गोळ्यांनी हललं नाही, तेव्हा डॉक्टरांनी सिलोसायबिनच्या संशोधन-चाचणीत भाग घ्यायचं सुचवलं. मॅजिक मशरूममधलं तेच द्रव्य, पण प्रयोगशाळेत बनवलेलं, मोजून कॅप्सूलमध्ये भरलेलं.

चाचणीत घेण्याआधी तिथल्या डॉक्टरांनी मिलिंदला पिंजून काढलं. हृदय, रक्तदाब, घराण्यात कुणाला बायपोलर किंवा सायकोसिस? जुन्या गोळ्या हळूहळू बंद केल्या. मग तयारीच्या बैठका सुरू झाल्या, आणि तिथेच सिया भेटली.

सिया थेरपिस्ट होती, इंग्लंडमध्येच, मेडनहेडला वाढलेली, वयानं तिशीची. मोडकंतोडकं मराठी बोलायची. "उल्काताई, तुमचा चिंता मला समजते," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. उल्का हसली, पण ते 'समजते' तिला आवडलं नाही.

डोसच्या दिवशी उल्कानं मिलिंदला सकाळी सोडलं आणि संध्याकाळी आणायला गेली. आत बिछाना, डोळ्यांवर पट्टी, कानांत संगीत, दोन थेरपिस्ट आणि मधूनमधून रक्तदाब बघणं. नातेवाईकांना प्रवेश नाही. डोस पंचवीस मिलिग्रॅमचा की तुलनेसाठी नावापुरता एक मिलिग्रॅमचा, हे ना मिलिंदला माहीत, ना सियाला. नंतर डिप्रेशन किती उतरलं ते मोजणारी बाईसुद्धा फोनवरूनच, डोस न कळता विचारायची.

मिलिंद सुजल्या डोळ्यांनी बाहेर आला.

"रडलास?"

"हो. सियानं हात धरला होता. ते आधीच ठरलं होतं, मी मागितला तरच धरायचा असं. आणि गंमत म्हणजे मी मराठीत बोलत होतो."

"काय बोललास?"

"नंतर सांगतो."

ते नंतर आलंच नाही. तो बरा दिसू लागला, सकाळी उठून चालायला जाऊ लागला, आणि उल्काला आनंदाऐवजी राग येत राहिला. नऊ वर्षं हात तिनं धरला होता. तोंड मात्र त्या पोरीजवळ उघडलं!

तीन महिन्यांनी मिलिंद पुन्हा खचला आणि जुन्या गोळ्या परत सुरू झाल्या. त्याच सुमारास लॅबमधल्या रीस नावाच्या सहकाऱ्यानं डोंगरावर वेचून वाळवलेल्या मशरूमची गोष्ट काढली. मित्रांच्या घोळक्यात घेतो, म्हणाला, झकास वाटतं. उल्कानं पुडी मागून घेतली. या वेळी शेजारी आपण असू, आपला हात असेल. दोन दिवस पुडी पर्समध्ये राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं सियाला फोन लावला. सल्ल्यासाठी कमी, आता हात आपण धरणार हे तिला कळावं म्हणून जास्त.

सिया इंग्रजीवर आली नाही. शब्द शोधत बोलत राहिली. "ताई, त्या पुडीत किती आहे, कुणाला माहीत नाही. मशरूम ओळखायला चूक झाली तर विषारीपण असू शकते. मिलिंद परत गोळ्या घेतात. आणि तासाभरानं ते घाबरले, तर तुम्ही काय करणार?"

"मी बायको आहे त्याची."

"म्हणूनच. तुम्ही पण घाबरणार. आमच्याकडे डॉक्टर जवळ असतात, दुसऱ्या दिवशी बोलायला कोणी असतं. आणि तरी आम्ही अजून शिकतोय, किती लोकांना, किती दिवस उपयोग होतो ते. शिवाय ते जवळ ठेवणंच गुन्हा आहे, ताई."

उल्कानं पुडी टॉयलेटमध्ये रिकामी केली आणि फ्लश केलं. सिया बरोबर बोलली, याचाच तिला सर्वांत जास्त संताप आला.

पुढच्या उन्हाळ्यात चाचणी संपली आणि पत्र आलं. मिलिंदला मिळाला होता एक मिलिग्रॅमचा डोस.

मिलिंद पत्र धरून हसला. उल्काच्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे औषध नव्हतंच! नुसतं तिच्याशी बोललास. माझ्याशी का नाही?"

"तिला काहीही सांगितलं तरी तिचं काही बिघडत नव्हतं," तो म्हणाला. "तुझं बिघडलं असतं."

"माझं काय बिघडायचं ते मी बघेन. बोल."

त्यानं पत्राची घडी घालून ठेवली. मग म्हणाला, "माझी ती नोकरी गेली ना, ती मी तुला सांगितलं त्याच्या सहा आठवडे आधीच गेली होती. रोज डबा घेऊन निघायचो आणि कार्डिफ बेच्या किनाऱ्यावर बाकावर बसायचो. तू भेंडीची भाजी करून द्यायचीस. पाण्याकडे बघत सगळी खायचो, कारण उरली असती तर तू विचारलं असतंस."

सहा आठवडे पहाटे उठून भरलेले डबे उल्काच्या डोळ्यांपुढे आले. ओरडावंसं वाटलं, आणि ती ओरडलीही, चांगली पाच मिनिटं. मिलिंद ऐकत राहिला, उठून गेला नाही.

पुढच्या आठवड्यात सियाचा फोन आला, मिलिंद कसे आहेत विचारायला. उल्कानं नीट, थोडक्यात सांगितलं. डब्याचं मात्र बोलली नाही. सियाला ते माहीत होतंच, पण आता ते उल्कालाही माहीत होतं, आणि हे सियाला कळू द्यायची तिला गरज वाटली नाही.