पार्ट टू आणि कोयनानगरची बदली

आमचं लग्न ठरताना पत्रिकांपेक्षा पगाराकडे जास्त लक्ष गेलं. दोघांचा पगार सारखाच होता. मी सांगलीत एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क आणि हे त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत क्लार्क. नोकरीलाही एकाच साली लागलेलो. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट.

बँकिंग इन्स्टिट्यूटच्या असोसिएट परीक्षेचे दोन भाग असत. पार्ट वन झाला की एक जादा वेतनवाढ, पार्ट टू झाला की आणखी दोन. शिवाय ऑफिसर व्हायचं तर मुलाखतीआधी नोकरीची वर्षं, शिक्षण आणि ही परीक्षा यांचे गुण धरत. म्हणून आमच्या बँकेत माणसं देवाधर्माइतक्याच नेमाने परीक्षेला बसत आणि तितक्याच नेमाने नापास होत. आमचे हेडकॅशियर तर लग्नाआधीपासून बसत होते, आता त्यांच्या मुलीचं लग्न जवळ आलं होतं.

आम्ही दोघं बरोबरच बसलो. पहाटे उठून मी कायदा वाचायची, हे अकाउंटन्सी उघडून डोळे मिटायचे. चिंतन चाललंय म्हणायचे. चिंतनात घोरतात हे मला तेव्हा कळलं. पेपर कोल्हापूरला होते. एसटीत ते मला रस्ताभर पेपर कसा लिहायचा ते शिकवत राहिले. पार्ट वन दोघांचाही सुटला. पार्ट टूला माझे सगळे पेपर सुटले आणि ह्यांचा अकाउंटन्सी राहिला. पास झालेले पेपर पुन्हा द्यायचे नसत, म्हणजे आता त्या एका विषयासाठी वारंवार कोल्हापूर.

माझ्या दोन वेतनवाढी सुरू झाल्या आणि घरात शांतता पसरली. हे वरणात मीठ कमी आहे असंही म्हणेनासे झाले. ह्यांच्या शाखेतला एक सहकारी मात्र त्यांना भेटला की विचारायचा, काय साहेब, बाईसाहेबांनी खर्चाला दिले का? हे घरी येऊन ते मला सांगायचे आणि हसायचे. हसणं जरा लांबायचं.

पुढच्या वर्षी मी ऑफिसरच्या मुलाखतीला गेले. निवड झाली, हातात बदलीचा हुकूम आला : कोयनानगर. धरणाची वसाहत, घाटाचा रस्ता आणि अधूनमधून हलणारी जमीन. एजंटसाहेबांनी, म्हणजे आमच्या शाखेच्या मॅनेजरांनी, अभिनंदन करता करता बजावलं, नाकारलंत तर पुढची काही वर्षं मुलाखतीचं नाव काढता येणार नाही. त्यात आणखी एक गंमत होती. क्लार्कला ओव्हरटाइम मिळे, ऑफिसरला नाही. म्हणजे साहेब व्हायचं आणि सहामाही हिशेबाच्या महिन्यात कारकुनापेक्षा कमी पगार घरी न्यायचा.

निर्णयासाठी आम्ही कुंडलला सासरी गेलो. आमची मुलगी लहान होती. सासूबाई म्हणाल्या, पोरगीला आईपासून तोडून कसलं परमोशन. हे गप्प होते. ह्यांचं गप्प राहणं मला सासूबाईंच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मामंजी फौजेतून हवालदार होऊन परतलेले. सारा वेळ ते उसाच्या पाण्याची पाळी कधी येणार तेच बोलत होते. मग अचानक ह्यांच्याकडे वळून म्हणाले,

"तुला हिचं जाणं नको हाय, का हिचं सायब होणं नको हाय?"

हे म्हणाले, "दोन्ही नकोय. पण दुसरं जास्त."

इतकं खरं बोलताना मी त्यांना तोपर्यंत ऐकलं नव्हतं. मला राग यायला हवा होता, पण हलकं वाटलं.

"मग तुजी अडचण तू निस्तर," मामंजी म्हणाले. "प्रमोशन आलं की पोस्टिंग येतंयच. फौजेत मी काय तुज्या आईला इचारून लडाखला गेलो व्हतो?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "इचारलं असतं तर बरं झालं असतं." पण पुढच्याच आठवड्यात त्या आपली ट्रंक घेऊन सांगलीला राहायला आल्या, नातीला सांभाळायला.

मी कोयनानगरला गेले. भूकंपाच्या एका छोट्या धक्क्याला मी तिजोरीच्या खोलीतून पळत बाहेर आले. शिपायाने मागून शांतपणे विचारलं की किल्ल्या कुठं ठेवू. शनिवारी अर्ध्या दिवसानंतर एसटी धरायची, रविवारी परत. पहिल्या सहामाहीला ह्यांचा पगार खरोखरच माझ्याहून जास्त निघाला. त्यांनी तो सासूबाईंच्या पुढ्यात, मला दिसेल असा ठेवला.

अकाउंटन्सी सुटायला त्यांना आणखी तीन खेपा लागल्या. सुटल्यावर दोन वेतनवाढी घेतल्या आणि मुलाखतीचा अर्ज काही भरला नाही. मी कारण विचारलं.

"बदली होते," ते म्हणाले, "आणि ओव्हरटाइम जातो. शिवाय आईला आता सांगली आवडायला लागलीये."

पुढे मी साताऱ्याला मॅनेजर झाले. तिथं पार्ट टूला बसा म्हणून मी क्लार्कांच्या फार मागं लागत असे. ह्यांनी क्लार्क म्हणूनच निवृत्ती घेतली, आणि त्यांच्या सांगलीच्या शाखेत त्यांच्याइतका कुणाचाच जीव रमला नसेल.