दोन नोकऱ्यांमधला सल्लागार

माझ्या धाकट्या भावाने गावभर पसरवलेली हकिकत अशी, की दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात मी घरी बसून होतो आणि मुलाखतीत ‘सल्लागार’ हा शब्द पुढे करून निभावून नेले. हे साफ खोटे आहे.

मी नोकरीला होतो ती कारंज्याची डाळ गिरणी बंद पडल्यावर मी व्यापाऱ्यांना धान्य साठवणुकीचा सल्ला देऊ लागलो. पुढे रिसोडच्या शेतकरी कंपनीत गोदाम व्यवस्थापकाच्या जागेसाठी अर्ज करताना हाच भाऊ म्हणाला, “दादा, मोठ्या फर्मचा संचालक होतो म्हून लिहून दे ना! कोन पाहून राह्यलं?” मी तसे केले नाही. ‘स्वतंत्र सल्लागार’ असे लिहून, कोणाकडे कोणते काम केले ते त्यांच्या परवानगीने नोंदवले. पावसाळ्यात काम मिळाले नाही, हेही नोंदवले.

मुलाखतीत कंपनीचे अध्यक्ष हसले. “काका, म्हंजे बेकारच होते ना तुमी?”

“पावसाळ्यात होतो. ते मीच लिहिले आहे. बाकीचे त्या व्यापाऱ्यांना विचारा.”

त्यांनी तिथेच कारंज्याच्या एका व्यापाऱ्याला फोन लावून स्पीकर सुरू केला.

“त्याईनं सोयाबीनची थप्पी भिताडापासून हटवाले लावली, पोत्याखाली फळ्या टाकाले लावल्या. हमाली वाढली म्हून मले राग आला होता. पन ओल लागून माल तापला नाही! औंदा परत बोलावणार होतो. तुमी कायले पळवून राह्यले त्याईले?”

अध्यक्षांनी मला विचारले, “कधीपासून येता?”

भावाच्या हकिकतीत हा फोन कधीच नसतो. निवृत्तीपर्यंत त्या गोदामाच्या चाव्या मात्र माझ्याच खिशात होत्या.