सही नसलेला रकाना

माझी मावशी एकतीस वर्षं नर्स होती. निवृत्त झाली आणि घर तिला पुरेना. पहिल्या दोन महिन्यांत तिने कपाटं तीनदा लावली, काकांच्या चष्म्याच्या जागा बदलल्या. शेवटी काका मला फोनवर म्हणाले, "हिला कुठेतरी कामाला लाव गं. मी वॉर्डात ॲडमिट असल्यासारखा राहतोय."

काम मी नाही लावलं, ते आपणहून आलं. तिच्या हाताखाली शिकलेली एक डॉक्टर आता एम.डी.चा प्रबंध करत होती. पाच-सहा वर्षांपूर्वी गंभीर जंतुसंसर्ग घेऊन मावशीच्याच दवाखान्यात आलेल्या दोनशे चाळीस पेशंटच्या जुन्या फायली तिला तपासायच्या होत्या. पेशंट आल्यापासून अँटिबायोटिकचा पहिला डोस मिळेपर्यंत किती वेळ गेला आणि पुढे पेशंटचं काय झालं, एवढाच प्रश्न. फायलींमधलं अक्षर मात्र कोणाला लागत नव्हतं. "सिस्टर, तुमच्याशिवाय हे कोण वाचणार?" ती म्हणाली. मावशी दुसऱ्याच दिवशी पर्स घेऊन हजर.

एक्सेल तिला मी शिकवलं, आमच्या जेवणाच्या टेबलावर. सरावासाठी खोटे पेशंट केले आणि काकांच्या बीपीच्या गोळ्यांच्या वेळा भरल्या. ती एका बोटाने टाइप करायची, पण चूक तिच्या नजरेतून सुटायची नाही. एकदा तिने रात्री बाराला दहा कमी असताना आलेला पेशंट आणि साडेबाराला दिलेला डोस भरला, तर उत्तराच्या जागी नुसत्या जाळीसारख्या खुणांची रांग आली. "हे काय, कॉम्प्युटरला घाम फुटला?" मी सांगितलं, की नुसती वेळ लिहिली तर एक्सेलला तारीख उलटल्याचं कळत नाही, त्याला वाटतं डोस पेशंट यायच्या आधीच दिला. तारीख आणि वेळ एकाच खणात एकत्र लिहायची. तिने ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

डॉक्टरच्या फायलीत दोन पानं होती. एक माहिती भरायचं आणि एक नियमांचं. पेशंटचं नाव कुठेच लिहायचं नाही, फक्त अभ्यासाचा क्रमांक. नाव आणि क्रमांकाची जोडणी डॉक्टरकडे वेगळ्या, कुलूपबंद फायलीत. पेशंटचं पुढे काय झालं त्याला आकडे ठरलेले : बरा होऊन घरी गेला एक, दगावला दोन, दुसरीकडे हलवला तीन. माहिती नसेल तर नव्याण्णव. पण वेळेच्या खणात नव्याण्णव लिहायचं नाही, कारण तिथे एक्सेल त्या आकड्याची तारीख करतं. मावशीने करून पाहिलं तर एकोणीसशे सालचा एप्रिल आला. "बाई गं, माझ्या सासूबाईंच्याही आधीचा डोस," ती म्हणाली. म्हणून वेळ नसेल तर खण रिकामा ठेवायचा आणि शेजारच्या 'वेळेची स्थिती' या खणात आकडा टाकायचा : स्पष्ट लिहिलेली असेल तर एक, वाचता येत नसेल तर दोन, लिहिलेलीच नसेल तर नऊ. आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत एक नियम होता : फायलीत जे लिहिलंय तेच भरायचं. अंदाज नाही, आठवण नाही.

रेकॉर्ड रूममध्ये, लोखंडी रॅकच्या मधोमध, खिडकीखालचं टेबल तिला मिळालं. तिथला लॅपटॉप बाहेर न्यायची परवानगी नव्हती. रेकॉर्ड सांभाळणारे गृहस्थ तिला फायली काढून द्यायचे आणि त्यांच्या गुडघ्याबद्दल सल्ला घ्यायचे. रोज दहा-बारा फायली व्हायच्या. मावशी खूश होती. काकांचा चष्मा एका जागी राहायला लागला.

मग एकशे सदतिसावी फाइल आली.

उघडल्याबरोबर तिला स्वतःचं अक्षर दिसलं. एक सुतार, वय बेचाळीस, पायाच्या जखमेतून विष अंगात भिनलेलं. पाच वाजून दहा मिनिटांनी आला. पाच चाळीसला डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिलं, दर सहा तासांनी. औषधांच्या तक्त्यात, जिथे डोस दिला की नर्स सही करते, संध्याकाळी सहाचा रकाना रिकामा. रात्री बाराच्या रकान्यात रात्रपाळीच्या नर्सची सही, वेळ बारा वाजून पाच मिनिटं. सुतार तिसऱ्या दिवशी गेला.

संध्याकाळच्या पाळीला वॉर्डात ती होती. तो डोस तिने सव्वासहाच्या सुमारास दिला होता. तिला आठवत होतं : तो म्हणाला, "सिस्टर, हात जळतोय," आणि तिने सलाईनचा वेग कमी केला. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या आजींचा श्वास अडकला. ती धावली. सही राहून गेली.

आता खणात काय भरायचं? नियम सांगत होता : सहीसकट लिहिलेली पहिली वेळ. म्हणजे बारा पाच. म्हणजे सहा तास पंचावन्न मिनिटांचा उशीर, जो झालाच नव्हता. तिने सहा पंधरा टाकलं, स्थिती एक. फाइल मिटली आणि पुढची घेतली.

त्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. चहा गाळायची आणि प्यायची विसरायची. पहाटेच उठून गॅलरीत येरझाऱ्या घालायची. काकांनी विचारलं तर त्यांच्यावर खेकसायची. रेकॉर्ड रूममध्ये तिने त्या वर्षीची वॉर्डातली रोजची वही मागितली. पाळी बदलताना त्यात काहीतरी लिहिलं असेल, अशी आशा होती.

"वह्या तीन वर्षांनी निकाली निघतात, सिस्टर," रेकॉर्डवाले म्हणाले. "फायली तेवढ्या राहतात. का हो, काय शोधताय?"

"काही नाही. गुडघ्याला शेक देताय ना?"

तिसऱ्या दिवशी सकाळी ती थेट माझ्याकडे आली. नाव-गाव काही न सांगता तिने सगळं सांगितलं.

"डॉक्टरने चोवीस फायली चिठ्ठ्या टाकून काढल्यात," ती म्हणाली. "त्या दुसरी सिस्टर माझे आकडे न बघता परत भरणार, आणि मग ताडून पाहणार. मी यादी बघितली. एकशे सदतीस त्यात नाही."

"म्हणजे कुणाला कळणार नाही."

"नाही." तिने टेबलावरचा कपडा हाताने सरळ केला, परत चुरगळला. "पण मला एक सांग. हात जळतोय असं तो सुतारच म्हणाला होता का? ते इंजेक्शन सगळ्यांनाच जळतं. एकतीस वर्षांत किती जण म्हणाले असतील. मी जेवढं आठवते ना, तेवढा त्याचा चेहरा बदलतो. काल तर त्याला मिशा होत्या."

मी म्हटलं, "मावशी, तू दिलाच असशील."

"असशील," ती म्हणाली. "तेच तर."

तिथून ती सरळ डॉक्टरच्या खोलीत गेली. दारातच म्हणाली, "मी एका फायलीत आठवणीने वेळ भरली आहे. फाइल माझ्या पाळीची आहे." उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. डॉक्टरने खुर्ची पुढे केली तरी बसली नाही.

डॉक्टर रागावली नाही, पण तिचा चेहरा उतरला. तो मावशीसाठी उतरला नव्हता. तिने विचारलं, "सिस्टर, औषध लिहिलेलं, पण पहिला रकाना रिकामा आणि पुढच्या रकान्यात सही, अशा फायली याआधी आल्या का?"

मावशीने मान हलवली. आल्या होत्या. पाच, सात, कोण जाणे किती. नियमाप्रमाणे तिने मुकाट पुढची वेळ भरली होती, कारण त्या रकान्यांमागे तिला कुणाचा हात दिसला नव्हता.

"म्हणजे तिथेही डोस दिला होता की नाही, हे आपल्याला माहीत नाही," डॉक्टर म्हणाली. "आणि आपण मोठा उशीर झाला असं लिहून बसलो."

दुपारी दोघी डॉक्टरच्या गाइडकडे गेल्या. ते पांढऱ्या केसांचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी मावशीच्या आठवणीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सहा पंधरा ठेवता येणार नाही, सिस्टर. बारा पाच पण नाही." नियमांच्या पानावर नवीन आकडा आला : औषध लिहिलेलं, आधीचा रकाना सहीशिवाय, नंतरचा सहीसकट, तर वेळ रिकामी आणि स्थिती तीन. अशा फायली वेगळ्या मोजायच्या आणि प्रबंधात वेगळ्या दाखवायच्या. शिवाय आणखी एक नियम : ज्या पेशंटची सेवा आपण स्वतः केली, त्याची फाइल आपण भरायची नाही; ती दुसऱ्या सिस्टरकडे. जुना तक्ता तसाच जपून ठेवला, नव्याला नवं नाव आणि तारीख दिली. बदललेल्या प्रत्येक खणासाठी आधी काय होतं, आता काय आहे, कुणी आणि का बदललं, याची यादी सुरू केली. त्या यादीतली पहिली ओळ मावशीने स्वतः टाइप केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं : 'मी आठवणीने भरले होते.' डॉक्टर म्हणाली, एवढं लिहायची गरज नाही. मावशीने ते खोडलं नाही.

मग एकशे छत्तीस फायली पहिल्यापासून. तिच्या वॉर्डातल्या बाजूला काढल्या, उरलेल्या तिने नऊ दिवसांत पुन्हा पाहिल्या. घरी यायची ती चिडलेली, डोळे लाल. रोज काकांना म्हणायची, उद्या सोडते. दुसऱ्या दिवशी साडेनऊला पर्स खांद्यावर.

सगळं संपलं तेव्हा दोनशे चाळीसपैकी एकतीस फायलींत स्थिती तीन निघाली. डॉक्टरने हिशेब दोन्ही तऱ्हांनी मांडला, पुढच्या सहीची वेळ घेऊन त्या धरून आणि त्या वगळून. त्या धरल्या तर दवाखाना फार उशीर करतो असं दिसायचं, वगळल्या तर तेवढं नाही. खरं कुठलं, हे सांगता येत नाही असं तिने स्पष्ट लिहिलं. परीक्षकांनी त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. ती पास झाली.

पुढे वॉर्डाच्या बैठकीत ते आकडे मांडले. मावशीलाही बोलावलं होतं. एक तरुण नर्स तावातावाने उठली. "पेशंट श्वास घेत नसताना सही करत बसायचं का?"

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. "नाही बसायचं," ती उठून म्हणाली. "मीही नव्हते बसले." एवढंच म्हणून ती खाली बसली. घरी आल्यावर मला म्हणाली, "त्या पोरीला उत्तर द्यायला पाहिजे होतं. माझ्याकडे नव्हतं."

सुताराचा डोस दिला होता की नाही, हे तिला आजही ठरवता आलेलं नाही. मधेच भाजी चिरताना हात थांबतो, तेव्हा मी ओळखते. सध्या ती दुसऱ्या एका डॉक्टरच्या फायली भरतेय, हाड मोडलेल्या पेशंटच्या. पहिल्याच दिवशी तिने एका कागदावर स्वतःच्या सगळ्या वॉर्डांची नावं आणि वर्षं लिहून दिली आणि सांगितलं, एवढ्या फायली माझ्यासमोर आणू नका. डॉक्टर म्हणाला, "सिस्टर, असं केलं तर निम्म्या फायली जातील."

"जाऊ देत," मावशी म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली.